बाटलीची मागची बाजू

आमच्या कुटुंबात इंजिन ऑइलच्या एका बाटलीची हकीकत तीन प्रकारे सांगितली जाते आणि तिन्ही प्रकारांत दोषी मीच ठरतो. माझा धाकटा भाऊ लग्नाच्या पंगतीत सांगतो, "दादानं माझ्या पोरीच्या मोटारसायकलीत स्कूटरचं तेल ओतलं आणि क्लच जाळला." आमच्या सोसायटीमागचा गॅरेजवाला गिऱ्हाइकांना सांगतो की काका तेल ओतायलाच निघाले होते, त्याने वेळेवर मनगट धरले म्हणून इंजिन वाचले. माझी पत्नी तर असे सांगते की मी सारे मुद्दाम घडवून आणले.

मी आजवर गप्प राहिलो, कारण पंगतीत उभे राहून खुलासे करणे मला शोभत नाही. लेखणी मात्र माझी आहे. त्या मोटारसायकलीत स्कूटरच्या तेलाचा एक थेंबही गेला नाही. क्लच जळला नाही. माझे मनगट कोणी धरलेले नाही. शहाण्णव किलोच्या माणसाचे मनगट धरण्यापूर्वी गॅरेजवाल्याने दोनदा विचार केला असता. पत्नीच्या आवृत्तीकडे शेवटी येईन.

माझी पुतणी, म्हणजे याच धाकट्या भावाची मुलगी, शिक्षिका आहे. तिला घोटीच्या पुढे डोंगराला लागून असलेल्या एका गावातील शाळेत नेमणूक मिळाली. नाशिक रोडहून घोटीपर्यंत बस मिळते. पुढचे मात्र सगळे नशिबावर, आणि शेवटचे चार किलोमीटर सरळ चढाचे. तिने शाळेतल्या जुन्या सहकाऱ्याची तीन वर्षे वापरलेली गिअरची मोटारसायकल विकत घेतली. भावाचे म्हणणे स्कूटर घ्यावी असे होते. ते त्याने सहा प्रकारांनी मांडले. त्यांतल्या पाच प्रकारांत "बाईमाणसाला" हा शब्द होता. अखेर त्याने अट घातली: "पहिल्या दिवशी चढावर ही गाडी रुसली, तर आठवड्याच्या आत विकायची आणि स्कूटर आणायची." मुलीने अट मान्य केली. रुजू होण्याचा दिवस सोमवार होता.

गाडी विकणाऱ्याने जाताना सांगितले होते की तेल बदलायला आले आहे, काळे पडले आहे, पहिले काम तेवढे करा. आणि तेल म्हटले की आमच्या घराण्यात माझ्याकडे येतात. मी सातपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात चौतीस वर्षे काढली. यंत्रांना कोणते तेल घालायचे, हे माझ्या सहीशिवाय ठरत नसे. इथे माझ्या चुकीचे मूळ आहे, म्हणून ते स्पष्ट करतो. कारखान्यातल्या हायड्रॉलिक यंत्रांच्या तेलाला एकच आकडा असे: बत्तीस, सेहेचाळीस, अडुसष्ट. आकडा म्हणजे त्या तेलाची दाटी. स्टोअरच्या खिडकीत जाऊन "अडुसष्ट द्या" म्हटले की काम संपले. चौतीस वर्षे मी आकडा मागितला आणि बरोबर तेल मिळाले. अशा माणसाला आकड्यावर श्रद्धा बसली, तर त्यात नवल नाही.

गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेतील पान पुतणीने मला दाखवले होते. त्यावर 10W-30 असे लिहिले होते आणि त्याखालच्या ओळीत MA2. दुसरी ओळही मी वाचली होती. भाऊ म्हणतो की मला ती अक्षरे ठाऊकच नव्हती. अज्ञानाचा आरोप मी स्वीकारणार नाही. घाईचा स्वीकारतो.

घाई गॅरेजवाल्यामुळे झाली. शुक्रवारी मी त्याला सहज विचारले, तर तो पाना फिरवता फिरवता म्हणाला, "काका, टेन-थर्टी? ते तर पाणी हाय पाणी! आपल्याकडचं ऊन बघा. ट्वेंटी-फिफ्टी टाका, जाड. इंजिन आशीर्वाद देईल."

"पुस्तिकेत काय लिहिलंय ते पाहिलंस का?"

"पुस्तिका लिहिणाऱ्यानं नाशिकचं ऊन पाहिलंय का?"

हा युक्तिवाद माझ्या जिव्हारी इतका लागला की त्या क्षणापासून माझ्यासाठी हा प्रश्न केवळ आकड्याचा उरला. त्याच संध्याकाळी पुतणी शाळेत कागदपत्रे देऊन परतताना घोटीच्या बाजारातून फोनवर बोलली. "काका, दुकानासमोर उभी आहे. काय मागू?"

"10W-30. एवढं सांग. दुसरं काही देऊ लागला तर हलू नकोस."

ती हलली नाही. दुकानदाराने तिला 10W-30 दिले. त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नाही; जे मागितले ते त्याने दिले.

शनिवारी तिने बाटलीचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले होते: "काका, हे चालेल ना? आणि या आकड्यांचा अर्थ काय?" फोटो समोरून घेतलेला. वर 10W-30, त्याखाली SL, बाजूला मोठ्या अक्षरांत 4T, म्हणजे फोर-स्ट्रोक दुचाकीसाठी. खालच्या कोपऱ्यावर मात्र तिचा अंगठा. अंगठ्यामागे काय आहे, हे विचारायला हवे होते. मी विचारले नाही, कारण मी उत्तर देण्याआधी भावाने उत्तर दिले होते.

त्याने लिहिले होते: "W म्हणजे वेट. थंडीत दहा, उन्हात तीस. म्हणजे तेल तापलं की घट्ट होतं."

एका ओळीत तीन चुका करण्याचे कसब त्याला लहानपणापासून आहे. मी चष्मा पुसला आणि लिहायला बसलो. भाऊ म्हणतो, मी निबंध लिहिला. तो निबंध नव्हता, उत्तर होते, आणि ते आजही जसेच्या तसे बरोबर आहे.

मी लिहिले की W म्हणजे वजन नव्हे. ते हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. पहिला आकडा गाडी थंड असताना तेल किती सहज हलते ते सांगतो. तो जितका लहान, तितके थंडीत तेल लवकर वरपर्यंत पोहोचते. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे शंभर अंशांवर, तेलात किती दाटी उरते ते सांगतो. दोन्ही आकडे वेगवेगळ्या कसोट्यांचे आहेत. दहाचे तीस होत नाहीत. तापल्यावर कोणतेही तेल पातळच होते. डिसेंबरात निफाडला पहाटे काकवीची बरणी उलटी धरून पाहा आणि तीच काकवी चुलीवर ठेवून पाहा, म्हणजे कळेल. चांगले तेल तापल्यावर पातळ होते, पण मर्यादेबाहेर होत नाही, एवढाच त्याचा गुण. 20W-50 ने इंजिन लगेच मरणार नाही. पण ज्या इंजिनातल्या फटी आणि वाटा पातळ तेल धरून आखल्या आहेत, तिथे जाड तेल सकाळी उशिरा पोहोचते आणि इंजिनला ते ओढत बसावे लागते. राहिले नाशिकचे ऊन. इंजिनच्या आत शंभर अंश असताना बाहेरच्या चाळिसाचा धाक कोणाला? पुस्तिका लिहिणाऱ्याने ऊन पाहिले नसेल, इंजिन पाहिले होते.

SL बद्दलही लिहिले. ती तेलाच्या दर्जाची अक्षरे: S नंतरचे अक्षर जितके पुढचे, तितका वर्ग नवा. पुस्तिकेत SL किंवा त्यापुढचे मागितले होते, तेव्हा तेही जुळले.

शेवटची ओळ होती: "चालेल. निःशंक ओत."

एवढे सगळे अचूक लिहून शेवटच्या दोन शब्दांत माणूस कसा घसरतो, याचे उदाहरण म्हणून मी तो संदेश जपून ठेवला आहे. पुतणीने हात जोडल्याचे चिन्ह पाठवले. भावाने काही पाठवले नाही, म्हणजे तो हरला असे मी धरले. पत्नी शेजारी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, तिनं चालेल का एवढंच विचारलं होतं."

"अर्थही विचारला होता."

"तो तुमच्या आनंदासाठी विचारला असेल."

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही जमलो. गॅरेजवाला पाना घेऊन आला होता, पुतणी पुस्तिका घेऊन, आणि भाऊ तमाशा पाहायला. त्याच्या हातात त्याच्या मोटारीचे उरलेले तेल असलेला डबाही होता. गाडी पाच मिनिटे चालू ठेवली, कारण कोमट तेल घाण घेऊन लवकर उतरते. मग गॅरेजवाल्याने खालचा बोल्ट सोडला आणि काळे तेल परातीत उतरू लागले. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबलो, नवीन वॉशर घालून बोल्ट आवळला. आता इंजिन कोरडे होते. तेल घातल्याशिवाय ते चालू करणे म्हणजे त्याचा जीव घेणे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पोरीला निघायचे होते.

मी बाटलीचे सील फोडले. गॅरेजवाल्याने नरसाळे लावले. इथेच तो म्हणतो की त्याने माझे मनगट धरले. त्याच्या हातात नरसाळे होते. तिसरा हात त्याला असल्यास मला माहीत नाही.

पुतणी पायरीवर बसून पुस्तिका वाचत होती. ती म्हणाली, "काका, थांबा जरा. इथं लिहिलंय, तेल बदलताना नऊशे मिली. बाटली केवढी आहे?"

मी पाहिले. आठशे.

"शंभर कमी," भाऊ म्हणाला. "दादा, उरलेलं काकवीनं भरून काढू."

आठशे हा आकडा मला खटकला. चौतीस वर्षांची सवय सांगत होती की भांडे मापाचे नसेल तर ते भलत्याच यंत्रासाठी बनले आहे. पुतणी उठली, माझ्या हातातून बाटली घेतली आणि उलटी फिरवली. मागे बारीक अक्षरांची गर्दी होती. तिच्या मधोमध एक लहान चौकट, तीत वर तेलाचा नोंदणी क्रमांक आणि खाली दोन अक्षरे.

"काका, इथं MB आहे. पुस्तिकेत MA2 आहे. फरक पडतो का?"

मग तिने बाटली पुन्हा पुढून पाहिली आणि अंगठा जिथे होता त्या कोपऱ्यावर नखाने टकटक केले. तिथे स्कूटरचे चित्र होते. चांगले मोठे, लाल रंगाचे.

मग भाऊ इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"स्कूटर! मी म्हणत होतो ना स्कूटर घे? देवालाही तेच म्हणायचंय!"

फरक पडतो. मी तिथेच, कोरड्या इंजिनासमोर उभा राहून, तो समजावून सांगितला, कारण चूक झाली म्हणून ज्ञान संपत नाही. गिअरच्या मोटारसायकलीत एकच तेल तीन कामे करते: इंजिन, गिअर आणि क्लच. क्लचच्या चकत्या त्याच तेलात बुडालेल्या असतात आणि तेलात भिजूनही त्यांनी एकमेकींना घट्ट धरायचे असते. MA वर्गाचे तेल त्यांना तसे धरू देते. MA2 त्याहून चांगले धरू देते. MB मुद्दाम निसरडे बनवलेले असते. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच इंजिनच्या तेलात नसतो, मागच्या चाकाजवळ पट्ट्याच्या सोबतीने कोरडा बसतो. तेव्हा तिथे निसरडेपणा फायद्याचा. हेच तेल मोटारसायकलीत घातले तर चकत्या सरकू लागतात. सपाट रस्त्यावर कळत नाही. चढावर कळते. इंजिन ओरडते आणि गाडी पुढे जात नाही.

"कोणत्या चढावर?" पुतणीने विचारले. उत्तर तिला ठाऊक होते.

भावाचे हसू त्या वेळी थांबले, हे मी त्याच्या बाजूने नोंदवतो. त्याने आपला डबा पुढे केला. "मग हे घाल. माझ्या गाडीचं आहे, SP. तुझ्याच हिशेबानं सगळ्यात नवा वर्ग."

मी डबा हातात घेतला, आणि या वेळी आधी मागची बाजू पाहिली. तिथे गोल शिक्का होता: वरच्या कमानीत SP, मध्ये 5W-30, आणि खालच्या कमानीत इंधन वाचवणारे तेल असल्याचे इंग्रजी शब्द. "हे इंधन वाचवतं ते घर्षण कमी करून. मोटारीचा क्लच तेलात नसतो, म्हणून तुला चालतं. इथं पुन्हा तेच निसरडं. नवा वर्ग म्हणजे प्रत्येक यंत्राला योग्य वर्ग नव्हे."

"म्हणजे माझंही स्कूटरचंच?"

"तुझं स्कूटरपेक्षा महाग, एवढंच."

गॅरेजवाला मागे आपल्या गॅरेजात गेला आणि 20W-50 ची बाटली घेऊन आला. त्याने ती उलटी करून माझ्यासमोर धरली. चौकटीत MA2 लिहिले होते.

माझ्या आयुष्यातल्या कठीण क्षणांत मी त्या क्षणाची गणना करतो. माझ्या बाटलीचा आकडा बरोबर होता आणि अक्षरे चुकीची. त्याच्या बाटलीची अक्षरे बरोबर होती आणि आकडा चुकीचा.

"काका," तो म्हणाला, "माझ्या तेलानं गाडी चढ तर चढंल. तुमच्यानं नाय चढायची."

"खरं आहे," मी म्हणालो. हे दोन शब्द मी सर्वांसमोर, स्पष्ट उच्चारले. तिन्ही आवृत्त्यांमधून ते नेमके गळले आहेत.

तो नरसाळे पुन्हा लावू लागला. पुतणीने पुस्तिका मिटली आणि त्याला म्हणाली, "नको दादा. आकडाही बरोबर हवा आणि अक्षरंही. बाजारात असेलच ना? कोणी चुकलंय म्हणून मी जाड तेल का घालू?" तिच्या स्वरात राग नव्हता, शाळेत मुलांना रिकामी जागा भरायला सांगावी, तसा स्वर होता.

मी पत्नीची स्कूटर घेतली आणि निघालो. माझ्या भावाचे म्हणणे की मी पळून गेलो. रविवार असल्याने स्टेशनकडची दोन दुकाने बंद होती. तिसऱ्या दुकानदाराने "टेन-थर्टी ना, काका?" म्हणत बाटली काउंटरवर ठेवली. मी म्हणालो, "10W-30, वर्ग SL किंवा पुढचा, MA2, नऊशे मिली." त्याने माझ्याकडे पाहिले, बाटली परत घेतली आणि दुसरी काढली.

मग मी एक गोष्ट केली, जी कोणीच सांगत नाही. मी त्या बाटलीचे दोन फोटो घेतले, एक पुढून आणि एक मागून. अंगठा बाजूला ठेवला. ते पुतणीला पाठवले आणि लिहिले: "चालेल?"

उत्तर यायला चार मिनिटे लागली. ती एकेक ओळ पुस्तिकेशी ताडून पाहत होती, हे मला काउंटरशी उभ्या उभ्या कळत होते आणि त्या चार मिनिटांत परीक्षा देणाऱ्याला काय वाटते तेही कळले. मग तिचे उत्तर आले: "चालेल. निःशंक आणा."

तेल तिने स्वतःच्या हाताने ओतले. गाडी थोडा वेळ चालवली, बंद केली, तेल खाली उतरू दिले, गाडी सरळ उभी धरून पातळी पाहिली. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ. गॅरेजवाल्याने मान डोलावली. भाऊ म्हणाला, "उद्या बघू."

सोमवारी सकाळी सव्वाआठला ग्रुपवर फोटो आला. शाळेचे फाटक, त्यापुढे मोटारसायकल, मागे डोंगर. खाली लिहिले होते: "चढ तिसऱ्या गिअरमध्ये." अर्ध्या तासाने भावाने लिहिले, "हेल्मेट घालत जा." गाडी विकण्याचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघालेला नाही.

आता पत्नीच्या आवृत्तीकडे येतो. सील फोडलेली बाटली दुकानदार परत घेत नाही. तिच्या स्कूटरचे तेलही बदलायला आले होते. मी स्कूटरची पुस्तिका शोधून काढली: 10W-30, MB, आठशे मिली. एवढ्या अचूकपणे जुळणारे तेल मी हेतुपुरस्सरही आणू शकलो नसतो, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "तेच तर म्हणतेय, हेतुपुरस्सरच आणलंत. तीन महिने तेल मागत होते मी."

या आवृत्तीचे खंडन करणे मी लांबणीवर टाकले आहे. तिच्यात मी निदान धूर्त ठरतो.

गेल्या महिन्यात भावाच्या मोटारीचे तेल बदलायचे होते. त्याने बाटलीचे दोन फोटो काढले, पुढचा आणि मागचा, दोन्ही स्वच्छ, अंगठा कुठेही नाही. विचारणाही नीट केली होती: आकडा, वर्ग, शिक्का, सारे चालेल का? ते फोटो त्याने मुलीला पाठवले. मला ते तिच्याकडून कळले, तिने ते पुढे पाठवून विचारले तेव्हा: "काका, मी 'चालेल' म्हणणार आहे. एकदा बघता का?"

मी पाहिले. दोन्ही बाजू पाहिल्या. या वेळी उत्तर एका शब्दात दिले.